एकच कर्ण, तीन वेळा: डिसायडेबल आणि रेकग्नायझेबल यांत फरक नेमका कुठे पडतो

नांदेड, परभणी, लातूर या पट्ट्यातल्या मुलांना थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवताना एक अनुभव पुन्हा पुन्हा येतो. दिलेला प्रोग्रॅम दिलेल्या इनपुटवर थांबेल की नाही हे सांगायचं, हा हॉल्टिंग प्रॉब्लेम. त्याची सिद्धता मुलं फळ्यावर बिनचूक लिहितात. ही लँग्वेज डिसायडेबल नाही, पण रेकग्नायझेबल आहे, हेही त्यांना माहीत असतं. मग मी विचारतो, "हीच सिद्धता रेकग्नायझरवर चालवा. तिथे ती का अडते? कोणत्या ओळीवर?" यावर वर्ग शांत होतो.

माझ्या मते सगळा विषय त्या एका ओळीत आहे. ती ओळ सापडली की दोन्ही व्याख्या कायमच्या डोक्यात बसतात. म्हणून या लेखात एकच काम करू. त्या सिद्धतेतली कर्णयुक्ती आधी डिसायडरवर चालवू, मग रेकग्नायझरवर, आणि शेवटी ‘थांबत नाही’ हे ओळखण्याचा दावा करणाऱ्यावर. तिन्ही वेळा निकाल वेगळा लागतो. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

## आधी दोन व्याख्या

लँग्वेज म्हणजे स्ट्रिंगांचा संच. ‘प्रोग्रॅम P हा x या इनपुटवर थांबतो’ अशा सगळ्या जोड्या (P, x) स्ट्रिंग म्हणून लिहिल्या की त्यांचा एक संच होतो. त्याला आपण HALT म्हणू. दिलेली जोडी या संचात आहे की नाही, हा आपला प्रश्न.

डिसायडर म्हणजे असा प्रोग्रॅम, जो कोणत्याही इनपुटवर कधी ना कधी थांबतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असं बरोबर उत्तर देतो. रेकग्नायझरवरची अट सैल आहे. स्ट्रिंग संचात असेल तर त्याने कधी ना कधी ‘हो’ म्हटलंच पाहिजे. नसेल तर त्याने ‘हो’ म्हणायचं नाही, एवढंच बंधन. मग तो ‘नाही’ म्हणो की कायमचा चालत राहो, दोन्ही चालतं. ज्या लँग्वेजला डिसायडर मिळतो ती डिसायडेबल, जिला रेकग्नायझर मिळतो ती रेकग्नायझेबल. जुन्या अभ्यासक्रमांत यांनाच रिकर्सिव्ह आणि रिकर्सिव्हली इन्युमरेबल म्हणतात. प्रत्येक डिसायडर हा रेकग्नायझरही असतोच. प्रश्न उलट दिशेचा आहे.

आपल्याकडे बोअर घेतलेल्या माणसाला यातला फरक वेगळा सांगावा लागत नाही. पाणी लागलं की त्या क्षणी उत्तर पक्कं झालं. तीनशे फुटांवर नुसताच फुफाटा उडत असेल तर उत्तर ‘नाही’ आहे असं म्हणता येत नाही. उत्तर अजून आलेलं नाही, एवढंच म्हणता येतं. पैसे संपले म्हणून मशीन थांबवणं हा खिशाचा निर्णय झाला, जमिनीने तसं काही सांगितलेलं नसतं.

## HALT रेकग्नायझेबल आहे, हे करून पाहू

रेकग्नायझर बांधणं सोपं आहे. P आणि x घ्या, P ला x वर एकेक पायरी चालवत राहा, आणि तो थांबला की ‘हो’ म्हणा. P खरंच थांबणारा असेल तर कितीही उशिरा का होईना, ‘हो’ येणारच. थांबणारा नसेल तर आपलाही प्रोग्रॅम चालत राहील. व्याख्येत ते बसतं. या रेकग्नायझरला R नाव देऊ.

इथे कुणीतरी हमखास हात वर करतं. "सर, टायमर लावू की! ठरावीक पायऱ्या चालवू अन् तवर नाही थांबला तर नाही म्हणून टाकू."

हा प्रश्न चांगला आहे. त्याला उदाहरणानेच उत्तर द्यावं.

```python
n = 27
while n != 1:
    n = n // 2 if n % 2 == 0 else 3 * n + 1
```

सम संख्या आली तर निम्मी करा, विषम आली तर तिप्पट करून १ मिळवा. २७ पासून निघालं की आकडा चढत चढत ९२३२ पर्यंत जातो आणि १११ व्या पायरीला १ वर येऊन थांबतो. टायमर १०० फेऱ्यांचा असता तर आपण बिनधास्त ‘नाही’ म्हणून मोकळे झालो असतो, आणि ते चूक ठरलं असतं. मर्यादा १०० ऐवजी एक कोटी ठेवा. एक कोटी एकपर्यंत मोजून थांबणारा प्रोग्रॅम कुणीही दोन ओळींत लिहील. शिवाय हा प्रोग्रॅम प्रत्येक धन पूर्णांकापासून निघून १ वर पोहोचतो का, हे आजवर कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. प्रोग्रॅम तीन ओळींचा आहे म्हणून त्याचं थांबणं सोपं ठरत नाही.

जाता जाता एक खुलासा. मशीनची संपूर्ण स्थिती, म्हणजे मेमरीतला मजकूर आणि चालू ओळ धरून सगळं काही, तंतोतंत पुन्हा आली तर ते मशीन चक्रात अडकलंय असं खात्रीने सांगता येतं. `while 1: pass` असा पकडला जातो. पण या विषयात प्रोग्रॅम म्हणजे ट्युरिंग मशीन, टेपवर वाचत-लिहीत जाणारं कागदावरचं मशीन, आणि त्याची टेप वाढत जाऊ शकते. तिथे एकही स्थिती पुन्हा न येता मशीन कायम चालू राहू शकतं. म्हणून ही युक्ती काही ‘नाही’ पकडते, सगळे पकडत नाही.

## तक्ता आणि त्याचा कर्ण

आता मुख्य कामाला लागू. कर्णयुक्ती मूळ जॉर्ज कँटरची, १८९१ सालची. अॅलन ट्युरिंगने १९३६ मध्ये ती मशीनवर वापरली. ट्युरिंगने मांडलेला प्रश्न थोडा वेगळा होता: एखादं मशीन अंक छापत कायम पुढे जात राहील, की कुठेतरी अडकेल? ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ हे नाव नंतर आलं. युक्ती मात्र तीच आहे.

चार छोटे प्रोग्रॅम घ्या. प्रत्येकाला इनपुट म्हणून एक स्ट्रिंग मिळते आणि तिचं नाव x.

```
P1:  pass
P2:  while 1: pass
P3:  while len(x) % 2: pass
P4:  while "1" in x: pass
```

P1 नेहमी थांबतो. P2 कधीच थांबत नाही. P3 हा x ची लांबी सम असेल तरच थांबतो. P4 हा x मध्ये `1` हे चिन्ह नसेल तरच थांबतो.

प्रोग्रॅम हाही मजकूरच असतो, तेव्हा तो इनपुट म्हणून देता येतो. `python3 a.py < a.py` असं कुणीही चालवू शकतं. त्यात गूढ काही नाही. चारही प्रोग्रॅमना या चारांचाच मजकूर देऊन तक्ता भरू. थांबला तर 1, नाही तर 0. P3 च्या ओळीसाठी लांब्या मोजाव्या लागतील. मोकळ्या जागा धरून P1 ते P4 यांची लांबी अनुक्रमे ४, १३, २२ आणि २० अक्षरं आहे. P4 च्या ओळीसाठी मजकुरात `1` कुठे आहे ते पाहा: P2 मध्ये आहे आणि खुद्द P4 मध्ये आहे.

```
       P1  P2  P3  P4    <- x
P1      1   1   1   1
P2      0   0   0   0
P3      1   0   1   1
P4      1   0   1   0
```

डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणारा कर्ण वाचा: 1, 0, 1, 0. प्रत्येक अंक उलटा करा: 0, 1, 0, 1. ही उलटी ओळ तक्त्यात कुठेच नाही. ती P1 च्या ओळीपेक्षा पहिल्या रकान्यात वेगळी आहे, P2 पेक्षा दुसऱ्यात, P3 पेक्षा तिसऱ्यात, P4 पेक्षा चौथ्यात. तक्ता चारऐवजी अनंत ओळींचा केला, जगातले सगळे प्रोग्रॅम त्यात मांडले, तरी हेच होतं. प्रोग्रॅम म्हणजे मर्यादित लांबीच्या स्ट्रिंग. लांबीनुसार आणि एका लांबीच्या आत अक्षरक्रमाने लावल्या की त्यांची पहिला, दुसरा, तिसरा अशी यादी होते. त्या यादीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमशी उलटी ओळ निदान एका जागी भांडते.

म्हणजे उलट्या कर्णासारखा वागणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. हे विधान अधोरेखित करून ठेवा, कारण तिन्ही परीक्षांत हाच खुंटा आहे.

## पहिली परीक्षा: डिसायडर

समजा HALT चा डिसायडर H आहे. H(p, x) नेहमी थांबतो, आणि p हा x वर थांबत असेल तर True, नसेल तर False देतो. आता हा प्रोग्रॅम लिहा:

```
D:  if H(x, x):
        while 1: pass
```

H ने ‘थांबतो’ म्हटलं की D कायमचा फिरत बसतो. H ने ‘थांबत नाही’ म्हटलं की D पुढे येऊन संपतो. x च्या जागी P1, P2, P3, P4 ठेवून पाहा, 0, 1, 0, 1 हीच ओळ मिळते. D उलटा कर्ण आहे, आणि उलटा कर्ण प्रोग्रॅम असू शकत नाही. पण H प्रोग्रॅम असेल तर D उघडच प्रोग्रॅम आहे. तेव्हा H नाही.

D ला त्याचाच मजकूर दिला की विरोध उघड दिसतो. H(D, D) ने True दिलं तर D फिरत राहतो, म्हणजे True चूक. False दिलं तर D थांबतो, म्हणजे False चूक. तिसरा पर्यायच नाही, कारण H ने उत्तर द्यायचंच आहे अशी अट आपणच घातली होती.

इथे बऱ्याच मुलांचा समज होतो की D हा काहीतरी अशक्य, स्वतःशीच भांडणारा प्राणी आहे. तसं नाही. कुणी खराखुरा H आणून दिला तर D हाही खराखुरा प्रोग्रॅम होतो आणि त्याचं वागणं अगदी निश्चित असतं. मघाच्या टायमरवाल्याचंच घ्या. त्याचा H सांगतो: १००० पायऱ्या चालव, तेवढ्यात थांबला तर True, नाही तर False. आता D ला D वर चालवा. D प्रथम H ला बोलावतो. H हा D ची नक्कल १००० पायऱ्या चालवतो. त्या नकलेतल्या D चंही पहिलं काम H ला बोलावणं हेच, आणि १००० पायऱ्यांची नक्कल उरकायला त्याला १००० पेक्षा जास्त पायऱ्या लागतात. तेव्हा नक्कल मुदतीत थांबत नाही आणि H म्हणतो False. ते उत्तर मिळताच बाहेरचा D संपतो. H म्हणाला थांबत नाही, D थांबला. विरोधाभास वगैरे काही झाला नाही. H चुकतो ते नेमकं इनपुट D ने हातात आणून दिलं, बस.

## दुसरी परीक्षा: रेकग्नायझर

आता H च्या जागी R ठेवा. R हा HALT चा कोणताही बरोबर रेकग्नायझर असू द्या, आपण वर बांधलेला किंवा त्याहून हुशार.

```
D2: if R(x, x):
        while 1: pass
```

फरक फक्त एका अक्षराचा दिसतो. D2 ला D2 वर चालवू आणि R(D2, D2) चं काय होतं ते एकेक करून तपासू.

R ने True दिलं असं धरा. मग D2 फिरत राहतो, म्हणजे R ने न थांबणाऱ्याला ‘हो’ म्हटलं. बरोबर रेकग्नायझर तसं करत नाही. हा पर्याय गेला.

R ने False दिलं असं धरा. मग D2 थांबतो, आणि थांबणाऱ्याला R ने ‘हो’ म्हणायला हवं होतं. हाही पर्याय गेला.

उरतो तिसरा: R उत्तरच देत नाही. मग D2 त्या `if` च्या ओळीवरच, R च्या पोटात अडकून राहतो. म्हणजे D2 थांबत नाही. न थांबणाऱ्यावर गप्प राहायला रेकग्नायझरला परवानगी आहे. सगळं जुळलं, विरोध नाही.

अडली ती ओळ हीच. कर्ण उलटायचा तर 0 चा 1 करावा लागतो, आणि त्यासाठी 0 आहे हे कळावं लागतं. R कडून ‘0 आहे’ ही बातमी येईलच याची हमी नाही. D2 ला जिथे थांबायचं होतं तिथे तो वाट पाहत बसतो, आणि म्हणून तो उलटा कर्ण होतच नाही.

उत्तरपत्रिकेत मुलं इथे फक्त ‘R थांबेल याची खात्री नाही’ एवढंच लिहितात. ते चूक नाही, पण हिशोब याहून जास्त सांगतो. R कितीही हुशार असो, तो बरोबर असेल तर त्याच्यापासून बनवलेल्या D2 वर त्याला गप्पच राहावं लागतं. कर्ण रेकग्नायझरला खोटं पाडत नाही, त्याचं तोंड बंद करतो. ‘आज R गप्प राहतो, उद्या सुधारून त्याला बोलता करू’ या आशेला इथे जागा नाही. सुधारलेल्या R चा नवा D2 होतो आणि त्यावर तो गप्प असतो.

## तिसरी परीक्षा: ‘थांबत नाही’ ओळखणारा

HALT मध्ये न बसणाऱ्या जोड्यांचा संच म्हणजे त्याचा पूरक संच. तिथे प्रोग्रॅम थांबत नाही. त्याला रेकग्नायझर आहे का? समजा N असा आहे: p हा x वर थांबत नसेल तर N(p, x) कधी ना कधी True देतो. थांबत असेल तर False देवो किंवा गप्प राहो.

```
E:  if not N(x, x):
        while 1: pass
```

N ने ‘थांबत नाही’ म्हटलं की E लगेच थांबतो. N ने False दिलं की E फिरत राहतो. E ला E वर चालवा.

N(E, E) ने True दिलं तर E थांबतो, आणि N ने थांबणाऱ्याला न थांबणारा म्हटलं. चूक. False दिलं तर E फिरत राहतो, आणि N ने ‘हो’ म्हणायला हवं होतं. चूक. आता गप्प राहण्याचा पर्याय पाहा. N गप्प, म्हणून E त्याच्या पोटात अडकला, म्हणून E थांबत नाही, म्हणून N ने कधीतरी True द्यायला हवं होतं, आणि तो तर गप्पच आहे. हेही चूक.

R ला गप्प राहून सुटता आलं, N ला येत नाही. R ने गप्प राहिल्यावर प्रोग्रॅमही अडकतो आणि ‘अडकणं’ ही R साठी ‘नाही’ची बाजू आहे. N साठी तीच ‘हो’ची बाजू आहे. अडकलेला प्रोग्रॅम नेहमी ‘थांबत नाही’ याच बाजूला पडतो, हा असमतोल मूळ प्रश्नातच आहे. म्हणून HALT चा पूरक संच रेकग्नायझेबलसुद्धा नाही.

हाच निष्कर्ष आणखी एका वाटेने मिळतो. लँग्वेज आणि तिचा पूरक संच दोन्ही रेकग्नायझेबल असतील तर ती लँग्वेज डिसायडेबल असते. दोन्ही रेकग्नायझर आळीपाळीने चालवायचे, एक पायरी याची, एक पायरी त्याची. स्ट्रिंग कुठल्यातरी एका संचात असतेच, तेव्हा एकाकडून ‘हो’ येणारच. इथे ठरलेली चूक म्हणजे आधी R पूर्ण चालवू, मग N, असं लिहिणं. R अडकला तर N ची पाळी कधीच येत नाही. ‘आळीपाळीने’ हा शब्द लिहायचा राहिला की सिद्धता पडते आणि मार्कही जातात.

## नवी लँग्वेज समोर आली तर

दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. ‘हो’ उत्तराचा मर्यादित वेळात दाखवता येईल असा पुरावा आहे का? ‘नाही’ उत्तराचा आहे का? पहिल्याचं उत्तर होकारार्थी असेल तर रेकग्नायझर बांधायला घ्या. दोन्हींचं असेल तर डिसायडर.

‘P किमान एका इनपुटवर थांबतो’ हे घ्या. पुरावा आहे: ते इनपुट आणि लागलेल्या पायऱ्यांची संख्या. पण शोधायचं कसं? पहिल्याच इनपुटवर P अडकला तर आपणही अडकू. म्हणून पहिल्या फेरीत पहिल्या इनपुटवर एक पायरी चालवा. दुसऱ्या फेरीत पहिल्या दोन इनपुटांवर दोन-दोन पायऱ्या, तिसऱ्या फेरीत पहिल्या तीनांवर तीन-तीन, असं पुढे. P हा शंभराव्या इनपुटवर पाचशे पायऱ्यांत थांबत असेल तर पाचशेव्या फेरीपर्यंत तो सापडतोच. ही लँग्वेज रेकग्नायझेबल झाली. डिसायडेबल मात्र नाही. आपल्या इनपुटची पर्वा न करता P ला नेहमी ठरलेल्या x वरच चालवणारा प्रोग्रॅम बनवला की हा प्रश्न HALT च्याच प्रश्नात बदलतो.

‘P प्रत्येक इनपुटवर थांबतो’ याचं काय? इथे ना ‘हो’चा मर्यादित पुरावा दिसतो, ना ‘नाही’चा. संशय खरा आहे, आणि सिद्धही करता येतो. आपलं इनपुट फेकून देऊन P ला x वर चालवणारा प्रोग्रॅम घ्या. तो प्रत्येक इनपुटवर थांबतो तेव्हाच, जेव्हा P हा x वर थांबतो. तेव्हा ‘सगळीकडे थांबत नाही’ हे ओळखता आलं असतं तर N मिळाला असता. आता दुसरा प्रोग्रॅम घ्या. इनपुट n आलं की तो P ला x वर n पायऱ्या चालवतो. तेवढ्यात P थांबला तर हा मुद्दाम अडकतो, नाही थांबला तर हा थांबतो. P हा x वर कधीच थांबत नसेल तर हा दुसरा प्रोग्रॅम प्रत्येक n वर थांबतो. P कधीतरी थांबत असेल तर पुरेशा मोठ्या n वर हा अडकतो. म्हणजे ‘सगळीकडे थांबतो’ याचा रेकग्नायझर हाती असता तर तोही N च झाला असता, आणि N ला E ने आधीच खोटं पाडलं आहे.